बाइंडरच्या टेबलावरचा पडदा

मला या गल्लीत सगळे तारवाली म्हणतात. नावाने कुणी हाक मारली तर मीच चमकून मागे बघेन. बंद पडलेले, लुकलुकणारे, अर्धवट काळे झालेले पडदे माझ्याकडे येतात आणि बरे होऊन जातात. दुपारी गल्ली झोपते तेव्हा दुकानात दहा-बारा पडदे एकाच वेळी चालू असतात, आवाज बंद. निळसर उजेड भिंतीवर हलत राहतो. मला वाटतं मी पाण्याखाली बसलेय आणि वरून कुणीतरी माझ्याकडे बघतंय. या वेळी गिऱ्हाईक आलं तर माझ्या डोक्यात तिडीक जाते, हे मी लपवत नाही.

बाइंडर नेमका याच वेळी यायचा. पुस्तकांची बांधणी करण्यात सगळं आयुष्य गेलेला म्हातारा, बोटांच्या पेरांत अजून खळीचा पिवळा डाग. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. वही आणि पेन्सिल खिशात. काखेत स्वतःचा मॉनिटर, जुन्या चादरीत गुंडाळलेला, झोपलेलं मूल आणावं तसा.

पहिल्यांदा त्याने वहीत लिहिलं होतं, 'ताई, पडदा मधेच काळा होतो.' मी माझ्या कॉम्प्युटरला माझ्या केबलने मॉनिटर जोडला, दोन तास चालू ठेवला. एकदाही लुकलुकला नाही. लिहून दिलं, 'ठणठणीत आहे.' आठवड्याने तो परत आला. तेच दुखणं, आणि माझ्या टेबलावर पुन्हा तोच ठणठणीतपणा. काही लोकांना मॉनिटरला थापट्या मारायची खोड असते, आणि त्यांच्याबद्दल माझं मत फार वाईट आहे. मी जरा तिरकसपणे लिहिलं, 'मारता का त्याला?' त्याने नाही अशी मान हलवली आणि चादर गुंडाळून निघून गेला. मला थोडं लागलं, पण तेवढंच.

तिसऱ्या वेळी त्याने मॉनिटर आणलाच नाही. दारातच वही पुढे केली. आधीच लिहून आणलं होतं, अक्षर छापल्यासारखं सरळ.

'माझी मुलगी दूर असते. ती ऐकते, मी ऐकत नाही, आम्ही पडद्यावर हातांनी बोलतो. एकोणीस दिवसांपूर्वी तिने सांगितलं, बाळाची तपासणी झाली, बाळाला ऐकू येत नाही. मी उत्तर द्यायला लागलो आणि पडदा काळा झाला. तुम्ही म्हणता मॉनिटर चांगला आहे. मग मला एवढंच सांगा, ती मला बंद करते का?'

मी ते दोनदा वाचलं. मग पिशवीत दोन केबल, एक ॲडॅप्टर, स्क्रूड्रायव्हर टाकले, दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्यामागे चालू लागले. रस्त्यात मला माझाच राग येत होता. दोन्ही वेळा मी नुसता मॉनिटर तपासला होता. केबल माझी, कॉम्प्युटर माझा, टेबलही माझंच. घसा दुखणाऱ्याचा गुडघा तपासून त्याला घरी धाडावं, तसली माझी हुशारी.

त्याच्या घरात शिरलं की आपले कान आपलेच वाटत नाहीत. घड्याळाची टिकटिक नाही, रेडिओ नाही, पंखासुद्धा कुणाला सांगायचं नाही असं ठरवल्यासारखा फिरत होता. दारावरची घंटा दाबली की आत दिवा लुकलुकतो. खिडकीतून ऊन आत येऊन एका लांबलचक टेबलावर पडलं होतं. बांधणीचं टेबल, एकसंध फळीचं, कडा घासून मऊ झालेल्या. त्या उन्हात कागदाचे बारीक कण इतके सावकाश तरंगत होते की मी कशाला आले होते ते क्षणभर विसरले.

मॉनिटर टेबलाच्या एका टोकाला. शेजारी कॉम्प्युटरचा डबा उभा, पडद्याच्या वर छोटा कॅमेरा. डब्याच्या मागच्या पोर्टमध्ये एक ॲडॅप्टर खुपसलेला, त्यात जाडजूड केबल, आणि ती सगळी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबकळत पुन्हा वर मॉनिटरकडे गेलेली. कुणी जोडलं म्हणून लिहून विचारलं. मुलीनेच, मागच्या सुट्टीत, निघायच्या घाईत.

मी त्याला कॉम्प्युटर चालू करायला लावलं. चित्र स्वच्छ आलं. बसून राहिले, काही झालं नाही. तेव्हा मी लिहिलं, 'ती समोर आहे असं समजा. त्या दिवशी जे केलंत ते करा.' माझ्या फोनवरून त्याच्या कॉम्प्युटरला व्हिडिओ कॉल लावला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पडद्यावर माझा चेहरा आला. बाइंडर खुर्चीत सरसावून बसला, आणि त्याने हाताचा पंजा उघडून टेबलावर धाडकन मारला.

मी ओरडणारच होते. नशीब, त्याला ऐकू आलं नसतं. मग माझ्या तळव्याला कळलं. टेबलाच्या कडेवर माझा एक हात होता आणि ती थाप फळीतून थेट माझ्या मनगटापर्यंत आली होती. या घरात हाक अशी मारतात. पाठ फिरवून बसलेल्या माणसाला नावाने कसं बोलावणार? टेबल थापटायचं, लाकडातून त्याला कळतं, तो वळून बघतो. त्याची बायको, तो आणि मुलगी, तिघं वर्षानुवर्षं या फळीवरून एकमेकांना बोलावत आले होते. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की हात आधी तिथेच पडणार.

आणि पडदा काळा झाला होता. 'सिग्नल नाही' अशी ओळ आली आणि विझली.

बाइंडरने माझ्याकडे बघितलं, 'बघा, असं होतं' म्हटल्यासारखं. मग सवयीने त्याचा हात सगळ्याचीच वीज तोडणाऱ्या भिंतीवरच्या बटणाकडे गेला. मी तो हात वरच्यावर धरला. कारण माझ्या फोनवर तो अजून दिसत होता. उन्हात बसलेला, हात अर्धवट पुढे केलेला. कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका जळत होता. कॉल तुटलाच नव्हता.

मी फोन त्याच्यासमोर धरला. त्याने स्वतःला बघितलं. हात हलवला, फोनमधला हात हलला. मग वही ओढून घेतली आणि लिहिताना पहिल्यांदाच त्याचं अक्षर वाकडं झालं.

'म्हणजे त्या दिवशी मी तिला दिसत होतो?'

मी होकाराने मान डोलावली.

'मी टेबल मारलं. मग बटण बंद केलं.'

पुढचं त्याने लिहिलं नाही, लिहायची गरजही नव्हती. पोरीने सांगितलं, माझं बाळ तुमच्यासारखं आहे. बापाने टेबलावर हात आपटला आणि तिचं तोंड बंद केलं. तिने एवढंच पाहिलं. एकोणीस दिवस दोघं एकमेकांचा शब्द नसलेला राग उराशी धरून बसले होते. मेसेजमध्ये 'बरे आहात ना', 'बरा आहे', एवढंच चालू. तिला लिहून का नाही विचारलंत, असं मी वहीत लिहिलं तर त्याने तळहात माझ्यापुढे उघडे धरले. मला कळलं. लिहिणं त्याच्यासाठी माझ्यासारख्या परक्यांशी बोलायचं, मुलीशी बोलायचं ते हातांनीच.

आता माझा जीव टांगणीला लागला, म्हणून मी कामाला लागले. आधी मॉनिटरचं बटण दाबलं. त्याचा स्वतःचा मेनू काळ्यावर लख्ख उमटला, म्हणजे मॉनिटर आणि त्याचा वीजपुरवठा दोन्ही शाबूत, नुसतं चित्र पोचत नाही. केबल बदलली. त्याला थापटायला सांगितलं. काळा. ॲडॅप्टर बदलला. थाप, एक लुकलुक, पुन्हा काळा. मग ॲडॅप्टरला बोटाने हलकेच वर उचललं तर चित्र आलं, सोडलं तर गेलं. पोर्टच सैल झालं होतं. जड केबल महिनोन्महिने लोंबकळत त्याला खाली ओढत होती, आणि प्रत्येक हाकेला आतला सांधा थोडा आणखी हलत होता.

कॉम्प्युटर बंद करून मी मागची बाजू उन्हाकडे वळवली. शेजारी दुसरं पोर्ट होतं, रबरी टोपण घालून झाकलेलं, कोरं करकरीत. त्यात केबल सरळ बसत होती, ॲडॅप्टरची गरजच नव्हती. बसवली. केबलला ढिला वळसा देऊन ती डब्याला पट्टीने बांधली, म्हणजे तिचं वजन पोर्टवर येणार नाही. डबा टेबलावरून उचलून भिंतीलगतच्या कपाटावर ठेवला. सैल पोर्टवर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'इथे नको.'

बाइंडरने वहीत लिहिलं, 'मी थापटणं बंद करू का?'

मी लिहिलं, 'अजिबात नाही.' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्याने चालू करून थापटलं. मग जोरात थापटलं. मग दोन्ही हातांनी. खिडकीतले कण उडाले, पेन्सिल घरंगळली, माझे दात वाजले. पडदा तसाच.

मुलीला कॉल लावला तर तिने घेतला नाही. आम्ही दोघं शेजारी बसून वाजणाऱ्या, म्हणजे नुसत्या हलणाऱ्या, चिन्हाकडे बघत राहिलो. दुसऱ्यांदाही नाही. तो उठायला लागला. मी त्याचा खांदा दाबून त्याला बसवलं. तिसऱ्यांदा पडदा भरला. अंधारलेली खोली, तिकडे संध्याकाळ झालेली असावी, आणि त्यात एक थकलेला चेहरा. मला काय वाटलं कोण जाणे, मी मॉनिटरचा आवाज वाढवला. या घरात तो शून्यावरच होता.

ती हात आणि तोंड दोन्ही चालवत बोलायची, लहानपणापासूनची सवय असणार. म्हणाली, "बाबा, पुन्हा बंद करणार असाल तर आधीच सांगा. मला ते सहन होत नाही."

बाइंडरने टेबल थापटलं. ती दचकली. पडदा हलला नाही. मग त्याचे हात बोलू लागले, केबल, पोर्ट, काळोख, सगळं हवेत मांडत. मध्येच माझ्याकडे बोट दाखवलं, मीही बावळटासारखा हात हलवला. तिने तोंडावर हात दाबला. ती रडत होती की हसत होती ते त्या अंधारात नीट दिसेना.

मग तो थांबला, आणि त्या दिवशी सांगायचं राहिलेलं सांगितलं. चार-पाच खुणाच होत्या, सावकाश.

मला राहवलं नाही. निघायच्या वेळी दुसऱ्याच्या घरातलं विचारू नये हे मला समजतं, तरी मी विचारलं, "काय म्हणाले?"

तिने नाक पुसलं. "ते म्हणतायत, नातीच्या खोलीत रात्री दिवा विझवू नकोस. अंधारात आपल्या माणसांना बोलता येत नाही, आणि तिला वाटेल सगळे निघून गेले."

ती उठली आणि तिने दिवा लावला. तिच्या मागे पाळण्यात बाळ जागंच होतं.