बारा फुटांचं गेट

माझं डोकं लवकर तापतं, हे मुकुंदवाडीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. बत्तीस वर्षं सरकारी खात्यात इमारतींचे नकाशे काढले, त्यामुळं मापातलं मला कुणी शिकवलेलं चालत नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सोळा फुटांचं जुनं गेट काढून बारा फुटांचं केलं ते मीच, दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे खांब उभारून. लई देखणं झालं होतं.

शाळेची बस आमच्याच आवारात वळते, कारण गल्ली पुढं बंद आहे. नवं गेट झाल्यावर पहिल्याच सकाळी ड्रायव्हर सांडूनं बस गल्लीतच थांबवली. शेंद्र्याचा हा माणूस, अकरा वर्षांपासून आमची पोरं नेतो.

"काका, आत नाय जाणार. सरळ जायला गेट पुरतंय, पण या गल्लीतनं वळून जायला पुरत नाय. मागचं चाक खांब खाईल."

"अरे बाबा, बस साडेसात फुटांची, गेट बारा फुटांचं," मी म्हणालो. "साडेचार फूट उरतात. हिशेब येतो का तुला? घे आत."

"पोरं हायत आत."

"म्हणून तर म्हणतो, आत घे! का बायकांनी दप्तरं उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत यायचं?"

चार बाया बघत होत्या, मग तो काय बोलणार? त्यानं बस उजवीकडं समोरच्या भिंतीला चिकटवली आणि स्टिअरिंग डावीकडं पूर्ण कापलं. बसचं तोंड उजव्या खांबाला चाटून आत गेलं. मी हात हलवत होतो, येऊ दे, येऊ दे. तेवढ्यात डावीकडचं मागचं चाक डाव्या खांबाच्या पायथ्यावर चढलं. पत्रा फाटला, काच फुटली, पोरं किंचाळली. माझी नात श्रेया बस थांबताच चढून खिडकीशी बसली होती, तिच्या कपाळाला टेंगूळ आलं.

ते टेंगूळ बघून माझा तोल गेला. "आंधळा आहेस का रे? गाडी चालवतोस का बैलगाडी?" मी सगळ्या पोरांसमोर ओरडलो. सांडू खाली मान घालून काचा वेचत राहिला. दुपारी मी शाळेला तक्रार लिहिली, सोसायटीच्या शिक्क्यासकट. संध्याकाळी कळलं, त्याला घरी बसवलंय. बरं झालं, असं मी म्हणालोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी खांब दुरुस्त करायचा म्हणून मी कागद काढला. त्यावर वीस फुटांची गल्ली आणि बारा फुटांचं गेट काढलं, पुठ्ठ्याची बस कापली आणि सहज फिरवून बघितली. पुढची चाकं वळतात, मागची वळत नाहीत; ती आतून जवळचा रस्ता धरतात. बसचा पुढचा बाहेरचा कोपरा तीस फुटांच्या वर्तुळावर फिरला आणि मागचं आतलं चाक साडेपंधरा फुटांच्या. मधली जागा भरली साडेचौदा फूट! सरळ जाताना साडेसात फुटांची बस वळताना दुप्पट जागा खात होती. मी पुठ्ठा दहा वेळा फिरवला. दहाही वेळा खांब आडवा आला. जुन्या सोळा फुटांत मात्र ती अलगद बसली.

जन्मभर मी खोल्या काढल्या, आणि खोल्या वळत नाहीत. सांडूनं न शिकता सांगितलेलं मला पेन्सिल धरूनही सुचलं नव्हतं. लाजेनं कानशिलं तापली. घरात एकटा होतो, तरी मी तो पुठ्ठा उलटा करून ठेवला.

नकाशा घेऊन शाळेत गेलो. बसचं काम बघणारे राजकुमार म्हणाले, "आता कशाला तसदी? त्यानं चूक कबूल केलीय." त्यांनी कागद दाखवला. वाकड्या अक्षरात लिहिलं होतं : माप सेक्रेटरी काकांनी घेतलं होतं. ते मोठे नकाशेवाले आहेत, त्यांचं चुकणार नाही. म्हणजे माझंच चुकलं असंल.

तो कागद मी दोनदा वाचला. मग नकाशा त्यांच्यापुढं पसरला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्यानं आधीच नाही म्हटलं होतं तेही. "तक्रार मागं घेतो. चूक माझी, असं लिहून देतो," म्हणालो आणि दिलंही.

तिथून थेट शेंद्रा गाठलं. सांडू ओट्यावर बसला होता. मी नकाशा पुढं केला, "तुझंच बरोबर होतं रे, बघ," म्हणालो. त्यानं कागद हातात घेतला नाही.

"मला त्यातलं कळत नाय, काका. नोकरी परत मिळाली, राजकुमार साहेबांचा फोन आला. पण तुम्ही मला आंधळा म्हणालात ते पोरांसमोर. रोज माझ्या भरवशावर बसतेत ती."

सोमवारी बस गल्लीच्या तोंडाशी थांबली. मी पायरी चढून आत गेलो. चौतीस पोरं गप्प झाली. श्रेयानं मला बघितलं आणि शेजारच्या मुलीच्या आड तोंड लपवलं. मी दांडा धरून पोरांकडं तोंड केलं. सांडू आरशातून माझ्याकडं बघत होता, आणि त्यानं इंजिन बंद केलं, सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून.