ओल्या फरशीची ओळ

ऑनलाइन विकायच्या वस्तूंची पानं लिहून देणं हा माझा धंदा आहे, आणि या धंद्यात मी निगरगट्ट झाले आहे. म्हणून श्रीपतकाकांच्या सागवानी स्टुलाचं पान लिहिताना मी नेहमीचाच तक्ता केला. आपल्या रकान्यात हिरव्या खुणा, बाजारातल्या एका प्लास्टिक स्टुलाच्या आणि एका अॅल्युमिनियम खुर्चीच्या रकान्यात लाल फुल्या.

काका आमच्याच सोसायटीत खाली राहतात, मांजलपूरला. बाजव्याला रिफायनरीत तीस वर्षं तपासणीच्या कामावर होते, बोलण्यात अधूनमधून गुजराती शब्द येतो. गुडघे गेलेल्या मोहनाकाकूंना बसून अंघोळ करता यावी म्हणून त्यांनी ते स्टूल स्वतःच्या हाताने केलं होतं. पाण्याने लाकूड कुजू नये म्हणून पायांना पितळी टोप्या घातल्या होत्या. गेल्या वर्षी काकू न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तीन महिन्यांत गेल्या. चक्कर आली असेल, असं सगळे म्हणाले. बीपी होतंच. त्यानंतर काका कोणाशी बोलेनासे झाले. मग एक दिवस म्हणाले, हे स्टूल विकायला काढू या, ‘मोहना’ नावाने. त्या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता, हे मला दिसत होतं.

माझा तक्ता पाहून त्यांनी चष्मा काढला.

“कांचन, ही फुली कशाची? तू ते प्लास्टिकचं स्टूल पाहिलंयस तरी का?”

“काका, सगळे असंच लिहितात.”

“सगळे लिहू देत. दुसऱ्याची रेघ पुसून आपली मोठी होत नाही. दोन्ही मागव. तिघांना एकच माप लावायचं, अने जे येईल ते लिहायचं, बराबर?”

मी मनात म्हटलं, म्हातारा आता माझा जीव काढणार. पण मागवलं. एक पायांना रबरी बूट असलेलं प्लास्टिक स्टूल, एक उंची बदलणारी अॅल्युमिनियमची खुर्ची. काकांनी तक्ता नव्याने आखायला लावला. कंपन्यांची नावं नाहीत, फक्त प्रकार. फुल्या नाहीत, आकडे. जे तपासलं नाही तिथे ‘तपासलेलं नाही’ असंच. प्रत्येकाच्या रकान्यात त्याचं चांगलं ते चांगलंच लिहायचं. वजनात प्लास्टिक पुढे गेलं, दीड किलो, आपलं सहा. उंची फक्त खुर्चीची बदलत होती. आपलं स्टूल मात्र रुंद होतं, बसायला गार लागत नव्हतं, पाय मोडला तर गल्लीतला सुतारही दुरुस्त करू शकत होता. तक्ता वाचून मला स्वतःलाच बरं वाटलं. कोणाचा अपमान नाही, आणि घेणाऱ्याला आपल्या घरात काय चालेल ते कळतं.

“ओली फरशी राहिली,” काका म्हणाले.

त्यांच्याच न्हाणीघरात साबणाचं पाणी ओतलं. तिघांवर आळीपाळीने वीस किलोची गव्हाची गोण ठेवायची आणि ताणकाट्याने ओढायचं. हलेल तो आकडा. खुर्ची साडेअकरा किलोला हलली. प्लास्टिक साडेनऊला.

आपलं स्टूल चारला सरकलं. सरकलं म्हणजे गुळगुळीत, गोणीसकट, थेट भिंतीपर्यंत गेलं.

काकांनी ते पुन्हा जागेवर आणलं. पुन्हा ओढलं. चार. तिसऱ्यांदा साडेतीन. मग ते तिथेच ओल्या उंबऱ्यावर बसले, आणि पितळी टोपीवरून अंगठा फिरवत राहिले. मला जे समजलं होतं ते त्यांनाही समजलं होतं.

“काका, रबर लावू या,” मी घाईघाईने म्हणाले. “लावून पुन्हा मोजू. ही ओळ आत्ता सोडून देऊ.”

“लिही.”

“अहो, पण...”

“प्लास्टिकचे साडेनऊ लिहिलेस ना? मग आपले साडेतीन लिही. कमीत कमी आला तो.”

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहिलं. शेवटची ओळ होती, ‘कोणासाठी योग्य’. प्लास्टिक: रोज उचलून ठेवावं लागतं त्यांच्यासाठी. खुर्ची: उठताना आधार लागतो त्यांच्यासाठी. तिसऱ्या रकान्यात माझी बोटं थांबली.

“रबर लावलं की हे बदलेल, काका. लोकांच्या उपयोगी पडेल.”

“पडेल,” ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि तेच मला सहन होईना. “ती दोनदा बोलली होती मला. अहो, हे स्टूल फरशी धरत नाही. मी म्हटलं, स्टुलाला काही झालं नाहीये, तुझंच डोकं फिरतंय, गोळी घेतलीस का? त्यानंतर ती पुन्हा बोलली नाही. गुपचूप त्यावरच बसत राहिली.”