सूप केवढ्याला?

परदेशी भाषेच्या वर्गात बाईंनी वाटलेलं नाटुकलं पानभराचंच होतं. वेटर विचारतो, काय घेणार? गिऱ्हाईक सूप मागतं, भाव विचारतं, साडेचार म्हणजे महाग वाटलं म्हणून छोटी वाटी मागतं, मग बिल. तळाला जाड अक्षरात लिहिलेलं : आता भूमिका बदला.

ती ओळ भाचीने वाचली होती. चांगली डोळे उघडे ठेवून वाचली होती.

आत्याला जायचं होतं परदेशी लेकीकडे, तिच्या बाळंतपणाला. तिकडे जायची परवानगी हवी तर ही पहिली परीक्षा पास व्हायलाच हवी. आत्या शिवणकाम करणारी, चौथीत शाळा सुटलेली. सोबतीला म्हणून भाचीनेही नाव घातलं, आणि तिची जीभ अशी चालली की बाईही बघत राहिल्या.

"गिऱ्हाईक मी," भाचीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. "तू वेटर. तुझी वाक्यं आखूड आहेत."

"अगं, मी काय तिथे ताटं उचलायला चाललेय?"

"आधी तोंड तर उघड, आत्या!"

रोज शिलाईचं मशीन थांबलं की आत्या मनगटावर टॉवेल टाकून उभी राहायची. काय घेणार? साडेचार. लगेच आणते. अगदी ठसक्यात. एकदा म्हणाली, "आज मी मागवू का गं?" आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळली.

"राहू दे! सूप गार होईल तोवर," भाची खेकसली. आत्या हसली, टॉवेल परत मनगटावर. वर्गात बाईंनी विचारलं तेव्हा भाचीने ठोकून दिलं, "आमचं बदलून झालं, बाई."

परीक्षेला दोघींना एकदमच आत घेतलं. भाचीचं झालं, ती बाजूला बसली. परीक्षकांनी आत्याच्या हातात मेनूकार्ड दिलं आणि विचारलं, "काय घेणार?"

आत्याचा चेहरा उजळला. तिचंच वाक्य! ताठ होऊन तिने तेच परत विचारलं, "काय घेणार?"

परीक्षकांनी हसून कार्डावरच्या सूपवर बोट ठेवलं.

"साडेचार," आत्याने आकडा वाचला. पुढे कोणी काही बोलेना, तशी घाईने म्हणाली, "लगेच आणते."

भाचीने नुसते ओठ हलवले : केवढ्याला, विचार ना, केवढ्याला. परीक्षकांनी डोळे वटारले. भाचीने मान खाली घातली.

भाची पास. आत्या नापास. पुढची परीक्षा तीन महिन्यांनी, बाळ दीड महिन्यावर.

घरी आल्यावर भाचीने स्वतःच टॉवेल मनगटावर टाकला. "आत्या, बस. आज तू मागव."

आत्या सुईत दोरा ओवत होती. "बाळ थोडंच थांबणारे माझ्यासाठी?"

"माझं चुकलं गं."

"तुझं कसलं? माझीच जीभ जड." रागाचा टिपूस नाही आवाजात. भाचीला तेच सोसेना. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती टॉवेल घेऊन तशीच उभी राहिली. "काय घेणार?" तिने हळूच विचारलं.

आत्याने मशीन सुरू केलं.