हिरवं दिसलं नाही

२००९ साली जालना एमआयडीसीतल्या काकासाहेबांच्या बियाणे कारखान्यात पिशव्या पारखायचं एक पेन आलं. ते कसं वापरायचं याची अक्कल मात्र कुणी विकत घेतली नाही.

पिशवीवरची छुपी शाई शहाजादीची. रसायनशास्त्र शिकून कारखान्यात नोकरीला लागलेल्या या पोरीने फ्लोराइडचे अतिसूक्ष्म स्फटिक बनवून त्यांत यटर्बियम आणि अर्बियम ही मूलद्रव्यं मिसळली होती. पेनातून निघणारा अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाही. यटर्बियम तो शोषतं आणि ऊर्जा शेजारच्या अर्बियमला देतं. ती ओसरायच्या आत दुसरा घास मिळाला, तर अर्बियम हिरवं चमकतं. अवरक्ताचे दोन कण जातात तेव्हा हिरव्याचा एक निघतो. म्हणूनच किरणाचा जोर निम्मा झाला की चमक पावावर येते. पण काकासाहेबांना लांबण लावलेलं खपत नसे. तिने एवढंच सांगितलं, "हिरवं दिसलं तर अस्सल, न्हाईतर नकली."

एके दिवशी काकासाहेब सकाळपासून स्वतः बटण दाबून बसले. पहिल्या शंभर पिशव्या लख्ख चमकल्या, मग चमक मंदावली आणि शेवटच्या तीस काळ्याच राहिल्या.

गोदाम भिवाच्या ताब्यात होतं, म्हणजे अस्सल माल त्यानेच बदलला असा काकासाहेबांचा हिशेब. जाफराबादचा हा माणूस वीस वर्षं तिथे राबला होता. काकासाहेबांनी हमालांसमोर त्याच्या मुस्काटात मारली, किल्ल्या काढून घेतल्या आणि त्याला फाटकाबाहेर उन्हात बसवलं.

जेवणाच्या सुट्टीत शहाजादीने पेनात नवे सेल घातले. तीसही पिशव्या हिरव्या झाल्या. ती धावतच केबिनमध्ये गेली.

"साहेब, माल अस्सल आहे. सेल उतरले होते. किरण दिसतच नाही, तर तो अशक्त झालेला कळणार कसा? मीच सांगायला हवं होतं."

काकासाहेबांनी चहा संपवला. "म्याडम, पेन चुकतं असं बाहेर गेलं तर दुकानदार आपल्या पिशवीवर थुंकतील. भिवाचं काय, दुसरा भेटंल. तुम्हाला इथं राह्यचंय ना?"

तिला राहायचं होतं. स्वतःचीच लाज वाटून ती फाटकावर आली, आता तरी बोलू म्हणून.

भिवा उठून उभा राहिला. गाल सुजला होता. "म्याडम, तुमचं यंतर खोटं बोलणार न्हाई, हे मला बराबर ठावं हाय. मंग माझ्याच हातून काही झालं असंल. मी लई आठवून राह्यलो, पण आठवंना. कवा झालं, तेवढं तरी दिसंल का त्याच्यात?"

शहाजादीने मागे केबिनच्या खिडकीकडे पाहिलं. काकासाहेब तिथेच उभे होते.

"न्हाई," ती म्हणाली. "तेवढं नाही दिसत."

भिवाने तिला हात जोडले आणि तो जाफराबादच्या एसटीकडे चालू लागला.