विरोधाची सुपारी

देवळाच्या कमिटीत आजवर एकही ठराव पडला नव्हता. याचा सर्वांना अभिमान होता, आणि कुंडलिकला तर विशेष, कारण त्यानं प्रत्येक ठरावाला मान डोलावली होती. वाशिंदच्या शाळेतून निवृत्त झालेला हा लाजाळू गृहस्थ. पुस्तकांशी बोलायला सोपं वाटे, माणसांशी अवघड.

मग सभामंडपाला गुळगुळीत चकचकीत फरशी बसवायची ठरली. अध्यक्ष शेखर म्हणाला, "आरशासारखं दिसंल!" सगळे म्हणाले, "दिसंल!" पहिल्या श्रावणी सोमवारी ओल्या पायांनी आलेला शेखर स्वतःच त्या आरशात पडला आणि पाय प्लास्टरात गेला. मग एकेक जण कबूल करू लागला. फरशी घसरडी आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण प्रत्येकाला वाटलं होतं, इतके जण हो म्हणताहेत, आपल्यालाच काही कळत नसेल.

भातसानगरच्या धरणावर नोकरीला असलेली सोनाली कमिटीत नवीन होती. तिनं एक नियम सुचवला. दर बैठकीत एकाच्या हातात सुपारी द्यायची. ज्याच्या हाती सुपारी, त्याचं काम विरोध करणं, मनातून पटत असलं तरी. सुपारी पाळीनं फिरणार, म्हणजे कुणाचा कुणावर राग नको. आणि अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलायचं.

"मंग अध्यक्ष कशाला व्हायचं?" शेखर कुरकुरला, पण पाय प्लास्टरात असल्यामुळे उठून जाता येईना.

पुढच्याच बैठकीत पाळी कुंडलिकवर आली. विषय होता नवा भोंगा. तो उभा राहिला, सुपारी घट्ट धरली आणि म्हणाला, "माझा विरोध आहे. पण माझी हरकत नाही." लोक इतके हसले की भोंग्याची गरजच नव्हती. घाईघाईनं घरी निघताना सुपारी खिशातच राहिली.

घरी त्या दिवशी मोठा भाऊ कमळू ओसरीवर बसून होता. कुंडलिकची मुलगी कुणाली हिचं लग्न ठरलं होतं. कुठं करायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

कमळूचा मुलगा प्रणित म्हणाला, "कल्याणला एसी हॉल हाय. आजकाल सगळे तिथंच करतात."

कमळूनं मांडीवर थाप मारली. "ठरलं तर. काय कुंडल्या?"

"हो दादा."

"कुणाली?"

"तुमी म्हणाल तसं, मोठे बाबा."

"सुंदरा?"

"पोरीच्या मनासारखं होऊ दे," सुंदरा म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

ही सुंदरा, कुंडलिकची बायको, गावची धवळारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळद लावताना, देव बसवताना, नवरीला निरोप देताना, प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवळा, धवळारीण गाते. गाणी तिच्या सासूनं तिला दिली होती. शहापूरपासून मुरबाडपर्यंत कितीतरी पोरी तिच्या गाण्यावर सासरी गेल्या. घरकाम करताना तिची गुणगुण कधी थांबत नसे. त्या दिवसापासून मात्र स्वयंपाकघर गप्प झालं. कुंडलिकनं चार वेळा विचारलं, "बरं नाही का?" चारही वेळा उत्तर आलं, "मला काय धाड भरलीये?"

त्याला कळायचं ते कळलं. हॉलमधल्या घाईच्या लग्नात धवळे गाणार कधी? आणि बोलणार कोण? सगळ्यांनी हो म्हटलं होतं. त्यानं स्वतःही.

रविवारी हॉल पक्का करायला निघायचं होतं. प्रणितनं गाडी काढली. कुंडलिकनं खिशातून सुपारी काढून ओसरीवर ठेवली.

"आज माझी पाळी."

"हे देऊळ नाय रे, घर हाय," कमळू म्हणाला.

"म्हणूनच." एवढं धीट बोलून कुंडलिक उभा राहिला. त्यानं पाठ करून ठेवलेले आक्षेप भराभर सांगितले: हॉल लांब आहे, म्हाताऱ्यांना प्रवास झेपणार नाही, परतीची गाडी मिळणार नाही.

"काका ड्युटी करताहेत," प्रणित हसला. "झालं काका? निघायचं?"

कुंडलिक खाली बसला. नाटकी विरोध ओळखू आला की कुणी मनावर घेत नाही, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. मग त्याला सोनालीचं बोलणं आठवलं. सुपारीवाल्यानं जिंकायचं नसतं, इतरांच्या पोटातलं बाहेर काढायचं असतं.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "समजा, लग्न होऊन महिना झालाय. आपण इथंच बसलोय, आणि सगळे म्हणताहेत, हॉल घेतला ते चुकलं. काय चुकलं असेल? धाकट्यानं आधी सांगायचं. दादा शेवटी."

"शेवटी? मी?" कमळूनं डोळे वटारले. पण 'चुकलं असेल' हा खेळ आहे असं समजून तो गप्प बसला.

कुणाली ओढणीचं टोक पिळत होती. "चुकलं म्हंजे... समद्या पोरींच्या हळदीला आयेनं गायलं, आन् माझ्या हळदीला नाय. ते चुकलं असंल."

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला आणि थांबला.

"प्रणित?"

प्रणितनं मान खाजवली. "त्यो हॉलवाला बोल्ला होता, चार तासांत हॉल रिकामा करायचा. बाहेरचं गाणं-बिणं चालणार नाय. मी बोल्लो नाय. म्हटलं, ठरलेल्यात उगाच खोट कशाला काढा."

"मंग हॉलचं नाव काढलंस कशाला रं?" कमळू म्हणाला.

"काकीला दगदग नको म्हणून!"

सुंदरा दारात आली. "मला दगदग? मी बोल्ली कवा? मला वाटलं, पोरीला एसी पायजे."

"मला वाटलं, मोठ्या बाबांना पायजे," कुणाली म्हणाली.

"मला?" कमळू उसळला. "त्या एसीत माझे गुडघे आखडतात! पोरगा बोल्ला, तुमी कुणी तोंड उघडलं नाय, मी म्हटलं, समद्यांना पायजे!"

कुणालाही नको असलेल्या हॉलकडे निघालेली गाडी दारात घरघरत होती. प्रणितनं जाऊन ती बंद केली.

"ठरलं! दारातच मांडव!" कमळूनं मांडीवर थाप मारली. सगळे एकसुरात म्हणाले, "दारातच!" सुंदराचा चेहरा उजळला.

कुंडलिकला सुपारीचं ओझं आता खरं कळलं. ती अजून त्याच्याच पुढ्यात होती.

"माझा विरोध आहे," तो पुटपुटला.

"आता कशाला?" सुंदरानं असं पाहिलं की त्याला फरशीवर पडलेला शेखर बरा वाटला.

"आत्ताही आपण तसंच केलं ना. दादा बोलले, सगळे हो. लग्न मे महिन्यात. विहिरीला पाणी नसेल. एवढ्या माणसांना प्यायला काय देणार? गाड्या कुठं लावणार?"

यावेळी कुणी हसलं नाही. कुणाली म्हणाली, गाड्यांना कापणी झालेलं शेत आहे. प्रणितनं टँकर सांगायचं अंगावर घेतलं. मग कमळू, शेवटी बोलायची सवय नसल्यामुळे चाचरत, म्हणाला, "दुपारचं ऊन सोसायचं नाय. लगीन संध्याकाळचं धरा." ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून सूर आला. हळदीचा धवळा. कुंडलिक पुस्तक मिटून ऐकत बसला. मध्येच सुंदरा थांबली.

"अवो, आवाज बसलाय का माझा? खरं सांगा."

लग्नानंतर इतक्या वर्षांत या प्रश्नाला त्याचं उत्तर एकच होतं. त्यानं खिसा चाचपला. सुपारी होती.

"वरच्या सुराला थोडा फाटतो," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

मग भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला आणि तोच धवळा, एक पट्टी खालून, पहिल्यापासून.