शुक्रवारची बस

धाकट्या भावाचा निरोप दोनच ओळींचा होता: ‘शुक्रवारच्या बसने येतोय. रात्री पावणेदहाला सुटते, साडेअकरा तास लागतात.’

चार वर्षांत त्याने बहिणीच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून शब्दाला शब्द वाढला आणि दोघांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. तरी निरोप वाचून ताईने बोटांवर हिशेब केला. पावणेदहापासून अकरा तास म्हणजे पावणेनऊ, वर अर्धा तास. सव्वानऊ.

शुक्रवारी ती नऊलाच स्टँडवर हजर. बस वेळेवर आली. माणसं उतरली, टपावरचं सामान उतरलं, ड्रायव्हर चहाला गेला. भावाचा पत्ता नाही. याने पुन्हा तोंडाला पानं पुसली! तिने फोन लावला.

“यायचं नव्हतं तर सांगायचं होतंस! मी इथे खांबासारखी उभी आहे.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? स्टँडवर!”

भाऊ हळूच म्हणाला, “ताई, आज वार कुठला?”

“शुक्रवार.”

“मग माझी बस आज रात्री सुटणार. शुक्रवारी रात्री निघालेला माणूस शुक्रवारी सकाळी कसा पोचेल?”

ताई मटकन बाकावर बसली. तास अचूक जुळवले होते, पण त्या तासांच्या मधोमध रात्रीचे बारा वाजतात आणि वार बदलतो, हे डोक्यातून निसटलंच होतं.

“म्हणजे शनिवारी सव्वानऊ,” ती पुटपुटली. “आणि ही उतरली ती माणसं?”

“ती काल रात्री बसलेली. लहानपणी माझी बेरीज चुकली की टपली कोण मारायचं गं?”

ताईला हसू फुटलं. पदराने डोळे पुसत म्हणाली, “मारीन अजून. समोर ये फक्त.”

भाऊ म्हणाला, “खरं सांगू? मी तिकीट रद्द करणार होतो. वाटलं, तू दार तरी उघडशील का. आणि तू तर एक दिवस आधीच स्टँडवर!”

“रद्द केलंस तर याद राख.”

“नाही करत. बॅग भरायला घेतो.”

शनिवारी वाटेत पंक्चर झालं, बस पाऊण तास उशिरा, दहाला आली. भाऊ उतरला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. ताईने आधी त्याच्या हातातली बॅग ओढून घेतली.

“दे इकडे. केवढी जड ही! दगड भरलेस का?”

“अगं, मी घेतो ना.”

“गप्प बस. घरी चल, चहा गार होतोय,” ती म्हणाली. चहा अजून ठेवायचाच होता.