आल्याबद्दल धन्यवाद

मी भाषांतराच्या पदविकेला शिकवते. मराठी बापाच्या तोंडी 'धन्यवाद' दिसला की माझं डोकं फिरतं.

त्या दुपारचा इंग्रजी उतारा सोपा होता. दवाखान्यात पडलेल्या म्हाताऱ्याला भेटायला मुलगा लांबून येतो आणि बाप त्याचे आभार मानतो. खराडीत नोकरी करून माझ्या वर्गाला येणाऱ्या उत्कर्षानं लिहिलं होतं, "आल्याबद्दल धन्यवाद, मुला. याला माझ्यासाठी खूप अर्थ आहे."

"हा बाप आहे की बँकेचा मॅनेजर?" मी विचारलं.

"मॅडम, मुळात थँक यू आहे. ते कसं गाळू?"

"गाळू नकोस. आपल्याकडचा बाप ते कसं म्हणेल, ते लिही."

"आपल्याकडचा बाप असलं काही म्हणतच नाही," ती ठसक्यात म्हणाली.

तेवढ्यात दारात घामाघूम झालेले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. ते तिचे वडील. तिचा घरी राहिलेला डबा घेऊन लोणी काळभोरहून आले होते.

उत्कर्षा ताडकन उठली. "आप्पा, एवढ्या उन्हाचं कशाला आलात? मी खाल्लं असतं ना इथंच काहीतरी!" असं ओरडतच तिनं आपली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. आप्पा पाणी प्यायले आणि खुशीत निघून गेले.

 

उत्कर्षानं जागेवर बसून आपली ओळ खोडली आणि लिहिलं, "एवढ्या लांबून कशाला आलास रे? जेवलास का?"

"आणि पुढचं वाक्य? खूप अर्थ असलेलं?"

"ते यातच आलं, मॅडम."